काटा सेंटीबारमध्ये, अहवाल बारमध्ये, तक्ता सेंटीमीटरमध्ये: बागेला पाणी किती द्यायचं?

प्रश्न: निफाड तालुक्यात काळ्या जमिनीत एकरभर द्राक्षबाग आहे, अंतर ९ × ५ फूट, प्रत्येक झाडाला तासाला ४ लिटरचे दोन ड्रीपर. फुटावरचा टेन्सिओमीटर आज सकाळी ६० सेंटीबार दाखवतोय, दोन फुटांवरचा ३०. माती परीक्षणात ‘०.३३ बारला ओलावा ३६ टक्के, १५ बारला २० टक्के’ असं आलंय. माझ्याकडच्या तक्त्यात मात्र सगळं ‘सेंटीमीटर पाणी’ मध्ये आहे. ६० सेंटीबारचे ६१२ सेंटीमीटर होतात, एवढं गणित मी केलं. मग जमिनीत ६१२ सेंटीमीटर पाणी कमी पडलंय असं धरायचं का? नेमके किती तास ड्रीप चालवू?

उत्तर:

६१२ हा आकडा बरोबर आहे, त्याचा लावलेला अर्थ चुकला. टेन्सिओमीटर पाण्याचा साठा मोजत नाही, ओढ मोजतो, आणि हे सेंटीमीटर त्या ओढीचे आहेत. माती पाण्याला किती जोराने धरून बसली आहे आणि मुळाला ते सोडवून घ्यायला किती जोर लावावा लागतो, ते पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत सांगितलं आहे, एवढंच. आणि गोंधळ होतो तो इथेच, कारण जमिनीतला साठाही आपण सेंटीमीटर किंवा मिलिमीटरमध्येच मोजतो. ‘काल २० मिलिमीटर पाऊस झाला’ यातले मिलिमीटर साठ्याचे. तक्त्यातले सेंटीमीटर जोराचे. दोन्ही एकाच पट्टीवरचे दिसतात, पण एकाची दुसऱ्यातून वजाबाकी करता येत नाही.

जोराचा अंदाज घ्यायला विहिरीवरची मोटर डोळ्यासमोर आणा. काठावर बसवलेली मोटर फार खोलवरचं पाणी ओढू शकत नाही, हे तुम्हाला अनुभवाने माहीत आहे. सक्शन सात-आठ मीटरच्या पुढे गेलं की ती पाणी सोडते. पाणी वर ढकलणारा हवेचा दाब समुद्रकाठी साधारण १०१ किलोपास्कल असतो, म्हणजे पाण्याच्या सव्वादहा-साडेदहा मीटर स्तंभाएवढा. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंच असल्याने आपल्याकडे तो ९४-९५ किलोपास्कल, म्हणजे साडेनऊ मीटरच्या आसपास भरतो. एक सेंटीमीटर पाण्याचा स्तंभ खाली ०.०९८ किलोपास्कल दाब देतो. तेच उलट केलं तर १ किलोपास्कल म्हणजे १०.२ सेंटीमीटर. १०० किलोपास्कलचा एक बार, म्हणून १ बार म्हणजे १०२० सेंटीमीटर. सेंटीबार हा बारचा शंभरावा भाग, म्हणजे सेंटीबार आणि किलोपास्कल ही एकाच मापाची दोन नावं, तिथे गुणाकार-भागाकार काहीच नाही. बागेत उभं राहून हिशोब करताना मी किलोपास्कलला सरळ दहाने गुणतो. दोन टक्क्यांची चूक राहते, आणि टेन्सिओमीटरचा काटाच तेवढा बारीक वाचता येत नाही.

या मापात तुमच्या अहवालातले दोन टोकाचे आकडे पाहू. ०.३३ बार म्हणजे ३३ किलोपास्कल, म्हणजे साधारण ३३७ सेंटीमीटर. भरपूर पाणी दिल्यावर जास्तीचं निथळून गेलं, आता माती स्वतःच्या जोरावर धरून बसली आहे तेवढंच उरलं, अशी ही स्थिती. आपल्या भाषेत वाफसा आल्यानंतरची. तिला फील्ड कपॅसिटी म्हणतात. १५ बार म्हणजे १५०० किलोपास्कल, म्हणजे १५,३०० सेंटीमीटर, म्हणजे १५३ मीटर. ५०० फूट खोल बोअरमधलं पाणी वर काढायला जेवढा दाब लागतो, तेवढा जोर मुळाला एका थेंबासाठी लावावा लागतो. इथे रोप कायमचं कोमेजतं असं धरतात. हा आकडा मुळात सूर्यफुलाच्या रोपांवरच्या प्रयोगांतून रूढ झाला आहे, त्यामुळे द्राक्षासाठी तो दगडावरची रेघ मानू नका. पण हिशोबाचं तळ म्हणून तो चालतो, कारण एवढ्या ओढीपर्यंत पोचेस्तोवर जमिनीत घेण्यासारखं पाणी जवळजवळ उरलेलंच नसतं. आणखी एक. शास्त्रीय लेखनात हे सगळे आकडे उणे चिन्हाने लिहितात, −३३, −१५००, कारण पाणी ओढलेल्या स्थितीत असतं. प्रयोगशाळा आणि काटा तेच आकडे बिनचिन्हाचे देतात. अर्थ एकच.

या दोन टोकांच्या मधलं पाणी झाडाचं. पण अहवालातले ३६ आणि २० हे टक्के वजनाचे असतात: १०० ग्रॅम सुक्या मातीमागे इतके ग्रॅम पाणी. आपल्याला हवं आहे मातीच्या आकारमानात किती पाणी आहे ते, म्हणून मातीच्या स्थूल घनतेने गुणायचं. तुमच्या अहवालात ती दिसत नाही. माझ्या हिशोबात मी घनसेंटीमीटरला १.२५ ग्रॅम धरतो, काळ्या जमिनीला हा आकडा बहुतेक वेळा जवळ बसतो. ३६ चे ४५ टक्के झाले, २० चे २५. मधलं अंतर २० टक्के. म्हणजे एक मीटर जाडीच्या थरात २०० मिलिमीटर, आणि वरच्या दीड फुटात, म्हणजे ४५ सेंटीमीटरमध्ये, ९० मिलिमीटर पाणी झाडाला मिळू शकतं. हे साठ्याचे मिलिमीटर. घनतेने गुणायचं विसरलात तर तोच साठा ७२ मिलिमीटर दिसतो, म्हणजे पाचवा हिस्सा गायब. खात्रीचा आकडा हवा असेल तर वाफशावर असताना लोखंडी कडं ठोकून ठरावीक आकारमानाची माती काढा, वाळवा आणि वजन करा. सुकलेल्या काळ्या जमिनीत हे करू नका. ती आक्रसून घट्ट होते, भेगा कड्याबाहेर राहतात आणि घनता उगाच जास्त येते.

आता काट्याकडे. तुमच्या टेन्सिओमीटरचा सच्छिद्र कप फुटभर खाली आहे आणि गेज जमिनीच्या वर, समजा २० सेंटीमीटरवर. कपापासून गेजपर्यंत ५० सेंटीमीटर पाण्याचा स्तंभ नळीत लोंबतो आहे आणि त्याच्या वजनाची ओढ गेजला मातीच्या ओढीत मिसळून दिसते. ५० ला १०.२ ने भागलं की ४.९. म्हणजे मातीची खरी ओढ ६० नाही, ५५ किलोपास्कल. दोन फुटी टेन्सिओमीटरात स्तंभ ८० सेंटीमीटरचा, तिथे ८ वजा होतात, ३० चे २२ राहतात. काही गेज बनवतानाच ही वजावट करून शून्य लावलेले असतात, मग पुन्हा वजा करायचं नाही. तुमचा कोणता ते पाच मिनिटांत कळतं. नळी पूर्ण भरून घट्ट बंद करा आणि उभी धरून फक्त कप बादलीतल्या पाण्यात बुडवा. काटा स्थिरावल्यावर फुटी नळीत ५ च्या आसपास राहिला तर वजावट तुम्हाला करायची आहे, शून्यावर आला तर ती आधीच झालेली आहे. पुढचा हिशोब मी वजावट करायची आहे असं धरून करतो.

खरी ओढ ५५. आता सगळ्यात जास्त चूक होते ती पायरी. बरेच जण सरळ त्रैराशिक मांडतात: ३३ ते १५०० या पट्ट्यात आपण ५५ वर आहोत, म्हणजे दीड टक्काच पाणी गेलं, अजून चिंता नाही. ओढ आणि साठा यांचं नातं असं सरळ नाही. मोठ्या पोकळ्यांतलं पाणी सैल असतं, ते थोड्या ओढीला निघून जातं. जसजशा बारीक पोकळ्या उरतात तसतशी थोड्याशा पाण्यासाठी ओढ झपाट्याने वाढत जाते. म्हणून सुरुवातीच्या थोड्या सेंटीबारमध्ये बरंच पाणी जातं आणि शेवटच्या दहा बारमध्ये थोडंच. हे वाकणं पकडायला अहवालातले दोन बिंदू घातांकाच्या वक्राने जोडायचे. एक्सेलमध्ये दोन ओळी पुरतात. पहिली B1 मध्ये टाका, दुसरी B2 मध्ये:

```
=LN(1500/33)/LN(45/25)
=45*(33/55)^(1/B1)
```

पहिल्या ओळीचं उत्तर ६.४९ येतं. जमीन पाणी किती चिवटपणे सोडते त्याचा तो घातांक. दुसऱ्या ओळीत ५५ च्या जागी रोजची दुरुस्त केलेली ओढ टाकायची, की आजचा ओलावा मिळतो. तुमच्याकडे तो ४१.६ टक्के आहे. फील्ड कपॅसिटीचे ४५ होते, ३.४ टक्के कमी झाले. उपलब्ध २० पैकी ३.४, म्हणजे १७ टक्के पाणी झाडाने वापरलं. त्रैराशिकाच्या दीड टक्क्याच्या दहापटीहून जास्त. याच वक्रावर ५ बार टाकून पाहा. ओढ १५ बारच्या एक तृतीयांशच आहे, पण उपलब्ध पाण्यातलं ७७ टक्के संपलेलं असतं.

फुटावरचा कप साधारण वरच्या ४५ सेंटीमीटरचा हाल सांगतो असं धरा, त्याखालचा थर दुसऱ्याकडे. खाली दुरुस्त ओढ २२ आहे, ३३ पेक्षा कमी, म्हणजे तिथे तूट नाहीच. वरच्या ४५० मिलिमीटरला ३.४ टक्के, म्हणजे १५.३ मिलिमीटर भरायचे. हे मिलिमीटर पूर्ण एकरावर पसरवू नका. ड्रीपखाली मुळं ओल्या पट्ट्यात असतात आणि टेन्सिओमीटरही तिथलीच गोष्ट सांगतो. तुमच्या जमिनीत एका ड्रीपरखाली मीटरभर व्यासाचं ओलं होत असेल तर दोन ड्रीपरचं क्षेत्र १.५७ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. १५.३ गुणिले १.५७, झाडाला २४ लिटर. दोन ड्रीपर तासाला ८ लिटर देतात, म्हणून तीन तास. ९ × ५ फुटांवर एकरी ९६८ झाडं बसतात, एकरी २३ हजार लिटरच्या थोडं वर. हेच जर झाडाच्या पूर्ण ४.१८ चौरस मीटरवर धरलं असतं तर ६४ लिटर निघाले असते आणि तुम्ही आठ तास ड्रीप चालवून दोन फुटांखाली खत धुऊन नेलं असतं. ओल्याचा व्यास मात्र मोजूनच घ्या. पाणी बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी एका ड्रीपरशेजारी आडवा चर घ्या आणि अर्धा फूट खाली टेप लावा. वरून दिसणारं ओलं नेहमी लहान असतं.

हा सगळा हिशोब तुमच्या काळ्या रानापुरता आहे. शेजारच्या तालुक्यात मुरमाड जमिनीवर हाच काटा पाहिला तर गोष्ट वेगळी. तिथे निथळणं १० किलोपास्कललाच थांबतं, म्हणून वरचं टोक ३३ ऐवजी १० धरतात. समजा तिथे आकारमानाचा ओलावा १६ टक्के आणि तळाचा ६ टक्के आहे. त्याच ५५ ओढीला तिथे उपलब्ध पाण्यातलं ४५ टक्के संपलेलं असतं, तुमच्याकडे १७. ‘अमुक सेंटीबारला पाणी सोडा’ असा एकच आकडा सगळ्या नाशिक जिल्ह्यात फिरतो तेव्हा मला काळजी वाटते ती याचसाठी. शिवाय प्रयोगशाळा २ मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेली मातीच तपासते. रानात तीस टक्के आकारमान खडीचं असेल तर साठाही तीस टक्क्यांनी कमी धरायचा, अहवाल ते सांगणार नाही.

काळ्या जमिनीतही ३३ हा आकडा रानातला नव्हे, प्रयोगशाळेतला आहे. तिथे चाळलेली माती चिनीमातीच्या तबकडीवर ठेवून दाब देतात आणि पाणी निघायचं थांबलं की वजन घेतात. रानातल्या मातीची रचना त्या चाळणीत मोडलेली असते. स्वतःच्या बागेचा आकडा हवा असेल तर दोन ओळींच्या मध्ये मीटरभर चौकोनाला बांध घाला, पाणी तुंबवून दोन फूट पूर्ण भिजवा आणि वर प्लॅस्टिक झाका, म्हणजे बाष्पीभवन होणार नाही. काळ्या जमिनीत तीन-चार दिवसांनी काटा जिथे जवळपास थबकतो ती तुमची फील्ड कपॅसिटी. त्याच वेळी माती काढून ओलावा मोजा आणि एक्सेलच्या दोन्ही ओळींत ३३ आणि ४५ च्या जागी हे आकडे घाला. तो २० किलोपास्कलवर थबकला तर ५५ ला तूट वरच्या हिशोबापेक्षा जास्त निघेल.

टेन्सिओमीटरच्या एका खोडीने मला एकदा चांगलंच फसवलं आहे, ती तुम्ही आधीच जाणून घ्या. ओझरकडच्या एका बागेत मी आठवड्याने गेलो तर काटा शून्यावर. मालक म्हणाले, ‘जमीन भरपूर ओली आहे, म्हणून पाणी बंद ठेवलंय.’ मीही मान डोलावली. मग शेंड्याकडे लक्ष गेलं. सकाळी नऊला कोवळ्या फुटीचे शेंडे वळलेले होते, मोडून लोंबावेत तसे. टोपण काढलं तर नळी कोरडी. जमीन इतकी वाळली होती की ओढ टेन्सिओमीटरच्या मर्यादेपलीकडे गेली, कपातून हवा आत शिरली, स्तंभ तुटला आणि काटा उलटा शून्यावर येऊन बसला. विहिरीवरची मोटर पाणी सोडते ते याच कारणाने. नाशिकच्या उंचीवर ७५ च्या पुढचं वाचन मी धरत नाही. ७० च्या वर गेलेला काटा पाणी न देता खाली आला, किंवा नळीच्या वरच्या काचेत बोटभर हवा दिसली, तर तो शून्य खोटा. उकळून गार केलेलं पाणी भरा, नळीला बोटाने टिचक्या मारून बुडबुडे वर काढा आणि काटा पुन्हा चढायला एक दिवस द्या. काळ्या जमिनीत कपाशेजारीच भेग पडली तरी वाचन बिघडतं. नळीभोवती माती सुटलेली दिसली की तिथून उपसून चार इंच बाजूला पुन्हा बसवा आणि छिद्रात त्याच रानाच्या मातीचा पातळ चिखल ओता.

पाणी खारं असेल तर आणखी एक हिशोब जोडावा लागतो. टेन्सिओमीटरचा कप क्षारांना अडवत नाही, म्हणून त्यांची ओढ काट्यावर दिसतच नाही. मुळाला मात्र ती सोसावी लागते. मातीतल्या पाण्याची ईसी, म्हणजे त्यातल्या क्षारांचं माप, मीटरला जेवढे डेसिसिमेन्स तेवढ्या पटीत साधारण ३६ किलोपास्कल धरा. ईसी ४ असेल तर ती ओढ १४४, म्हणजे तुमच्या ५५ मध्ये भर पडून मुळापुढे जवळजवळ २०० किलोपास्कल, दोन बार. म्हणून खाऱ्या विहिरीच्या बागा काटा ४० वर असतानाच दुपारी मलूल दिसतात. मात्र साठा काढायच्या सूत्रात ही भर घालू नका. त्या दोन ओळी फक्त मातीच्या ओढीच्या आहेत, क्षारांमुळे पाणी कमी झालेलं नसतं, घ्यायला अवघड झालेलं असतं. तिथे साठा तोच धरून पाणी लवकर सोडायचं.

आज तीन तास चालवा, शक्य असेल तर सकाळी दीड आणि संध्याकाळी दीड, म्हणजे ड्रीपरखाली पाणी साचणार नाही. उद्या सकाळी फुटावरचा काटा ३८ च्या आत आलेला असावा, कारण ३३ अधिक स्तंभाचे ५. तो ५० वरच अडला तर ओल्याचा व्यास मी धरला त्यापेक्षा मोठा आहे किंवा एखादा ड्रीपर चोंदला आहे. दोन फुटांवरचा ३० वरून १५ च्या खाली घसरला तर पाणी जास्त झालं, पुढच्या वेळी अर्धा तास कमी करा. २४ लिटरला ४.१८ ने भागलं की बागेच्या पूर्ण क्षेत्रावर ५.७ मिलिमीटर पडतात. पानं पूर्ण आलेली असताना कोरड्या हवेत ते साधारण दीड-दोन दिवस पुरतात, त्यामुळे परवा संध्याकाळपर्यंत काटा पुन्हा ६० कडे सरकू लागलेला दिसेल. सकाळी एकाच वेळी, सातच्या सुमारास, दोन्ही काटे वहीत टिपत जा. दुपारी ऊन नळीवर पडलं की वाचन हलतं.